क्रिएटिन आणि ताकद: ८ टक्के, ०.२६५ की ४.४३ किलो? नक्की कुणाचं धरायचं?

कासारवडवलीकर
मंडळी, घोडबंदर रोडवरच्या आमच्या जिममध्ये सध्या दर दुसऱ्या माणसाच्या शेकरमध्ये क्रिएटिन आहे. मी पक्का शाकाहारी, वय ३६, बेंच प्रेस ६० किलोवर येऊन अडकलोय. डबा घ्यायच्या आधी म्हटलं जरा वाचूया, ट्रेनरच्या शब्दावर किती दिवस चालायचं. वाचलं आणि डोक्याचा भुगा झाला.

रॉसन आणि व्होलेक यांचा २००३ चा पेपर म्हणतो की वजनांच्या व्यायामाबरोबर क्रिएटिन घेणाऱ्यांची ताकद सरासरी २० टक्के वाढली आणि प्लासिबोवाल्यांची १२ टक्के, म्हणजे ८ टक्के जास्त. लान्हर्स आणि मंडळींचा २०१७ चा मेटा-ॲनालिसिस, म्हणजे झालेल्या अनेक चाचण्यांचा एकत्र हिशोब, बेंच प्रेससाठी ०.२६५ असा इफेक्ट साइझ देतो, आणि कोहेनच्या हिशोबाने ०.२ च्या आसपास म्हणजे 'छोटा'. वांग वगैरेंचा २०२४ चा, पन्नाशीच्या आतल्यांवरचा, म्हणतो शरीराच्या वरच्या भागाची ताकद ४.४३ किलोने आणि पायांची ११.३५ किलोने जास्त वाढली.

आता हे तीन निकाल एकमेकांच्या विरोधात आहेत का? छोटा परिणाम म्हणजे पैसे पाण्यात का? कोणता ब्रँड घ्यावा हे विचारत नाहीये, कृपया त्यावर घसरू नका.

लोखंड्या
भाऊ, सरळ हिशोब आहे. १२ च्या जागी २० म्हणजे वाढ ६७ टक्के जास्त झाली. ८ टक्के म्हणणारे लोक आकडा मुद्दाम बारीक करून सांगतात. आणि तिन्ही मेटा-ॲनालिसिस हो म्हणतायत, म्हणजे तीनदा सिद्ध झालं. आता अजून काय पाहिजे? घे आणि उचल.

ऐरोली_एक्सप्रेस
अवांतर: ६० वर अडकलास तर आधी झोप आणि जेवण बघ. बाकी चालू द्या, वाचतोय.

वाशीकर काका
माझं वय ६४. मुलाने हट्टाने क्रिएटिन सुरू करून दिलं, सागर विहारला चालतो आणि आठवड्यातून तीनदा सोसायटीच्या जिममध्ये जातो. परवा रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.४ आलं. आधी १.१ असायचं. म्हणजे क्रिएटिन अंगात जास्त झालं असं समजायचं का? तुमच्या त्या ०.२६५ च्या वर गेलं की धोका, असं काही आहे का?

सुलभा नौपाडा
काका, आधी तुमचं घेते, कारण ते थांबायला नको. ०.२६५ हा रक्तातला आकडा नाही, तो दोन गटांच्या ताकदीतला फरक आहे. तुमच्या रिपोर्टशी त्याचा काही संबंध नाही. क्रिएटिनिन हा क्रिएटिन मोडून तयार होणारा पदार्थ, त्यामुळे पावडर घेणाऱ्याचं क्रिएटिनिन मूत्रपिंड ठणठणीत असूनही थोडं वर जाऊ शकतं. पण तुमच्या बाबतीत तेच झालंय हे इथे बसून कुणी सांगू शकत नाही. डॉक्टरांना पावडरचं स्पष्ट सांगा. बरेच लोक लपवतात आणि मग गोंधळ होतो. सिस्टॅटिन सी नावाची चाचणी स्नायूंवर किंवा क्रिएटिनवर फारशी अवलंबून नसते, ती करायची का हे त्यांनाच विचारा. तोवर पावडर बाजूला ठेवली तर काही बिघडत नाही.

आता कासारवडवलीकर. मी बरीच वर्षं औषधांच्या चाचण्यांच्या आकडेवारीत काढली आहेत, क्रिएटिन माझा विषय नाही, पण हे कोडं ओळखीचं आहे. तिन्ही निकाल विरोधात नाहीत. तुमच्याच ६० किलोवर करून बघू.

१२ टक्क्यांनी ६० चे होतात ६७.२. २० टक्क्यांनी ७२. फरक ४.८ किलो. वांगचा आकडा ४.४३ किलो. आता लान्हर्सचे ०.२६५ किलोत आणायचे तर गटातल्या लोकांच्या बेंचमध्ये आपापसात किती फरक आहे, म्हणजे एसडी किती, ते लागतं, कारण इफेक्ट साइझ म्हणजे किलोतला फरक भागिले एसडी. समजा १७ किलो धरला, तर ०.२६५ गुणिले १७ म्हणजे साधारण साडेचार किलो. एकच गोष्ट टक्के, किलो आणि एसडी अशा तीन मापांत सांगितली आहे. १७ हा आकडा मी धरलेला आहे, हे मात्र लक्षात ठेवा. १० धरला असता तर २.६५ किलो आले असते.

शिवाय या तिघांनी सारखीच माणसं मोजलेली नाहीत. रॉसन-व्होलेक यांचा पेपर तर काटेकोर अर्थाने मेटा-ॲनालिसिसच नाही, २२ अभ्यासांचा आढावा आहे आणि टक्क्यांची सरासरी काढली आहे. त्याच पेपरात बेंच प्रेसची वाढ ३ पासून ४५ टक्क्यांपर्यंत पसरलेली दिसते. सरासरी ८ चं कौतुक करताना तो पसारा विसरू नये.

लोखंड्या
ताई, म्हणजे शेवटी माझंच बरोबर निघालं ना? तिघेही तेच म्हणतायत.

सुलभा नौपाडा
६७ टक्क्यांचा गुणाकार बरोबर आहे, पण तो ६७ टक्के कशाचा ते बघ. बारावर आठ. म्हणजे ७.२ किलोच्या वाढीत ४.८ किलोंची भर. जाहिरातीत ६७ छापलं की वाचणाऱ्याला वाटतं बेंच ६० वरून १०० ला जाईल. आणि खालच्या १२ कडे बघ ना, डब्याशिवाय नुसत्या व्यायामाने आलेली वाढ आहे ती. मोठा वाटा तिचाच.

'तीनदा सिद्ध झालं' हे मात्र चूक. मेटा-ॲनालिसिस नवीन माणसांवर प्रयोग करत नाही, झालेल्या चाचण्या गोळा करतो. तिन्हींच्या यादीत बऱ्याच जुन्या चाचण्या त्याच त्या आहेत. एकाच बातमीदाराने तीन पेपरांना बातमी दिली तर त्याला तीन साक्षीदार म्हणत नाहीत.

तिरकस
आणि त्या जुन्या चाचण्यांना पैसे कुणी दिले? पावडर विकणाऱ्यांनी. निकाल आवडला तर छापायचा, नाही आवडला तर कपाटात. सगळा मामला तिथेच संपला. कचऱ्याची सरासरी काढली तर कचराच येतो.

मीनल_खारघर
तिरकस, सगळंच कचरा म्हणून कसं चालेल? पण मला वेगळं विचारायचंय. त्याच २०२४ च्या पेपरात लिहिलंय की पुरुषांमध्ये फरक लक्षणीय आला आणि बायकांमध्ये नाही. मी खारघरला जिथे जाते तिथल्या ट्रेनरने तेवढंच वाक्य वाचून जाहीर केलं की बायकांना क्रिएटिनचा उपयोग नाही. हे खरं का?

सुलभा नौपाडा
मीनल, वाक्य खरं, निष्कर्ष खोटा. बायकांवरच्या चाचण्या मोजक्या, त्यात माणसं मोजकी. माणसं कमी असली की खरा फरक असूनही तो लक्षणीय ठरत नाही, म्हणजे तो योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणता येत नाही. ट्रेनरने विचारायला हवा तो प्रश्न असा की पुरुषांचा आकडा आणि बायकांचा आकडा यांच्यातला फरक लक्षणीय आहे का. एक गट पास आणि दुसरा नापास, एवढ्यावरून दोन गट वेगळे आहेत असं म्हणता येत नाही. एकाला ३५ आणि दुसऱ्याला ३४ मिळाले तरी निकालपत्रात पास-नापास येतंच. तुमच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर 'अजून नीट मोजलेलं नाही' एवढंच.

माणसं किती कमी असतात ते बघायला लान्हर्सचाच आकडा घ्या. ५३ अभ्यास, आणि क्रिएटिन घेणारे सगळे मिळून ५६३. एका अभ्यासात जेमतेम दहा-अकरा जण. इकडे दहा आणि तिकडे दहा असा प्रयोग केला आणि खरा परिणाम ०.२६ असला, तर त्या एकट्या प्रयोगाची मर्यादा, म्हणजे खरं उत्तर ज्या दोन टोकांमध्ये असू शकतं ती, साधारण उणे ०.६ पासून अधिक १.१ पर्यंत जाते. म्हणजे 'तोटा होतो' पासून 'चमत्कार होतो' पर्यंत काहीही. म्हणून तर हे सगळे एकत्र करावे लागतात.

तिरकस, पैशांचा मुद्दा रास्त आहे. पण तो शेवट नाही, तिथून तपास सुरू होतो. लहान अभ्यासांमध्ये फक्त चांगले निकालच दिसतायत आणि वाईट निकालांची बाजू रिकामी आहे का, हे आलेखावर बघता येतं. मला विचाराल तर लबाडीपेक्षा साधी चूक जास्त ठिकाणी सापडते. २०२३ मध्ये स्पोर्ट्स मेडिसिन नियतकालिकात कॅडलेक, सायनानी आणि निम्फियस यांनी ताकदीच्या व्यायामाच्या क्षेत्रातले भरपूर उद्धृत होणारे २० मेटा-ॲनालिसिस तपासले. ८५ टक्क्यांत, म्हणजे २० पैकी १७ मध्ये, निदान एक तरी सांख्यिकी चूक निघाली. ते सगळे क्रिएटिनवरचे नव्हते, पण चुकांची जात तीच.

कासारवडवलीकर
ताई, अशी चूक मला घरबसल्या ओळखता येईल का? एखादं उदाहरण करून दाखवाल?

सुलभा नौपाडा
सर्वांत जास्त घोटाळा करणारी चूक दाखवते. आकडे माझे बनवलेले आहेत, कुठल्या खऱ्या पेपरातले नाहीत.

दोन गट, प्रत्येकी १० जण. बारा आठवड्यांनी क्रिएटिनवाल्यांचा बेंच प्लासिबोवाल्यांपेक्षा ४.५ किलोने पुढे. एसडी १७. ४.५ भागिले १७ म्हणजे ०.२६. आता मूळ पेपराच्या तक्त्यात लेखकांनी सरासरीपुढे अधिक-उणे चिन्ह टाकून ५.४ लिहिलंय. हा एसडी नाही, एसई आहे. एसडीला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागलं की एसई मिळतो, १० चं वर्गमूळ ३.१६, आणि १७ भागिले ३.१६ म्हणजे ५.४. लेखकांनी ते तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. मेटा-ॲनालिसिस करणारा दमलेला विद्यार्थी घाईत ५.४ लाच एसडी समजून उचलतो. ४.५ भागिले ५.४ म्हणजे ०.८३. माणसं तीच, किलो तेच, आणि 'छोटा' परिणाम एका रात्रीत 'मोठा' झाला.

ओळखायचं कसं? मेटा-ॲनालिसिसमध्ये प्रत्येक अभ्यासाचा निकाल एकेका चौकोनाने दाखवणारा आलेख असतो, फॉरेस्ट प्लॉट. त्यात सगळे चौकोन शून्याजवळ घुटमळत असतात आणि एखादाच उजवीकडे लांब जाऊन बसलेला असतो. तो पेपर उघडायचा, तक्ता काढायचा आणि अधिक-उणेच्या पुढचा आकडा आपल्या जिमशी ताडून बघायचा. तुमच्या जिममध्ये संध्याकाळी कुठलेही दहा पुरुष निवडा. एक जण ४० ला धापा टाकतोय, एक १०० सहज मारतोय. त्यांचा एसडी पाच किलो असूच शकत नाही. पेपरात पाच दिसला तर एकतर तो एसई आहे, नाहीतर अगदी एकसारखी माणसं निवडलेली आहेत.

लोखंड्या
एकसारखी माणसं निवडली तर काय फरक पडतो? किलो तर तेवढेच वाढले ना.

सुलभा नौपाडा
हाच प्रश्न हवा होता! किलो तेवढेच, पण इफेक्ट साइझ वाढतो. सगळे नवशिके कॉलेजकुमार घेतले आणि एसडी ९ निघाला, तर तेच ४.५ किलो ०.५ होतात, म्हणजे 'मध्यम'. म्हणून 'छोटा परिणाम' ऐकून कासारवडवलीकरांनी घाबरायचं कारण नाही आणि 'मध्यम' ऐकून तू नाचायचं कारण नाही. छोटा-मध्यम ही लेबलं कोहेनने ढोबळ अंदाजासाठी दिली होती, बेंच प्रेसवरचे साडेचार किलो तुम्हाला कमी की जास्त हे ती सांगत नाहीत. ताकदीचा पेपर हातात आला की मी आधी किलोतला आकडा शोधते.

तिरकस
मान्य. पण एक सांगा, क्रिएटिन घेतलं की पहिल्या आठवड्यात वजन किलो-दीड किलो वाढतं, स्नायूत पाणी धरतं. घेणाऱ्याला कळतं की आपल्याला खरी पावडर मिळाली. मग तो जोर लावून उचलतो. कसला आलाय प्लासिबो? हे कुठल्या मेटा-ॲनालिसिसने दुरुस्त होणार?

सुलभा नौपाडा
कुठल्याच नाही. मूळ चाचणीत जे मोजलं नाही ते एकत्र केल्याने उगवत नाही. चाचणी संपल्यावर लोकांना 'तुम्हाला काय मिळालं असं वाटतं' हे विचारलं असेल, तरच काही कळेल. फार थोडे विचारतात. सगळा परिणाम यातून येतो असं मला वाटत नाही, कारण स्नायूतलं क्रिएटिन वाढतं हे सुईने नमुना घेऊन मोजलेलं आहे, आणि सेटच्या शेवटच्या दोन-तीन रेप्समध्ये त्याचा उपयोग का व्हावा हेही समजतं. पण ४.४३ पैकी किती क्रिएटिनचे आणि किती विश्वासाचे, हे वेगळं काढता येत नाही.

मीनल_खारघर
पाण्यावरून आठवलं. २०२५ मध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचा एक अभ्यास आला होता. त्यात आधी सात दिवस व्यायामाशिवाय नुसतं क्रिएटिन दिलं, रोज ५ ग्रॅम. त्या आठवड्यात लीन मास, म्हणजे चरबी सोडून उरलेलं वजन, सरासरी अर्धा किलो जास्त दिसलं. त्यानंतर १२ आठवडे व्यायाम, आणि त्या काळातली वाढ दोन्ही गटांत सारखीच. म्हणजे सगळं पाणीच होतं का?

लोखंड्या
५ ग्रॅमने काय होतंय, आधी आठवडाभर २० ग्रॅमने लोडिंग करायला पाहिजे होतं.

सुलभा नौपाडा
लोखंड्या, १९९६ च्या हल्टमनच्या प्रयोगात रोज २० ग्रॅमने सहा दिवसांत स्नायू जितके भरले, तितकेच रोज ३ ग्रॅमने २८ दिवसांत भरले. १२ आठवडे पुरेसे होते. जास्त डोसने निकाल बदलला असता का, हा प्रश्न तरी उरतोच.

मीनल, चांगला अभ्यास काढलात. पण त्याचा मुख्य प्रश्न लीन मासचा होता, ताकदीचा नाही. लीन मास मोजणारं यंत्र पाण्यालाही त्यातच धरतं, म्हणून पहिला आठवडा वेगळा काढायची त्यांची कल्पना मला आवडली. नियंत्रण गटाला मात्र प्लासिबो दिलेला नव्हता, हे लक्षात ठेवा. आणि माणसं पन्नासेकच. एका अभ्यासाने जुने सगळे आकडे पुसले जात नाहीत, पण जुन्या अभ्यासांतली 'स्नायू वाढले' ही वाक्यं मी आता थोडी सावकाश वाचते. ताकदीचं काय, याबद्दल माझं मत पक्कं झालेलं नाही.

वाशीकर काका
सुलभाताई, आभारी आहे. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी पावडर थांबवून पुन्हा तपासणी करायला सांगितली आहे. पण आमच्या वयाच्या लोकांवर असं काही झालंय का? की सगळं पोरांवरच?

सुलभा नौपाडा
झालंय काका. चिलिबेक आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा आहे, वयस्कर लोकांवरचे २२ अभ्यास, ७२१ माणसं, सगळे वजनांचा व्यायाम करणारे. लीन मासमध्ये १.३७ किलोंचा फरक, आणि इफेक्ट साइझ चेस्ट प्रेसमध्ये ०.३५, लेग प्रेसमध्ये ०.२४. तरुणांसारखंच चित्र. पण यावरून पडणं कमी होतं का, जिना चढणं सोपं होतं का, पाच वर्षांनी काय होतं, यातलं काही कळत नाही. अभ्यास काही आठवड्यांपासून फार तर वर्षभराचे. आणि मूत्रपिंडाची तक्रार असलेल्यांना अशा चाचण्यांत सहसा घेतच नाहीत, म्हणून आधी रिपोर्ट, मग बाकीचं.

कासारवडवलीकर
आता माझ्या मुद्द्यावर येतो. शाकाहाऱ्यांच्या स्नायूत मुळात क्रिएटिन कमी असतं म्हणे. मग मला ४.४३ च्या वर मिळायला हवं ना? आणि जिममध्ये दोघं-तिघं म्हणतात की आम्हाला काहीच जाणवलं नाही. ते आकड्यात कुठे बसतात?

सुलभा नौपाडा
शाकाहाऱ्यांचं साठवण कमी असतं हे खरं. कॅनडातल्या २००३ च्या एका चाचणीत क्रिएटिन घेणाऱ्या शाकाहाऱ्यांचं लीन मास मांसाहाऱ्यांपेक्षा जास्त वाढलंही होतं. पण त्यात शाकाहारी फक्त १८, आणि त्यातले दहाच क्रिएटिनवर. तुमच्या बेंचसाठी त्यावरून किलो काढायचं धाडस मी करणार नाही.

ज्यांना जाणवलं नाही, त्यांच्याबद्दल सरासरी मुकी आहे. दहाच्या दहा जणांना साडेचार किलो मिळाले तरी सरासरी तीच, आणि पाच जणांना नऊ, पाच जणांना शून्य मिळालं तरी तीच. हे वेगळं काढायचं तर दोन्ही गटांतल्या बदलाचा पसारा बघावा लागतो. माणसामाणसांत खरंच फरक पडत असेल, तर क्रिएटिनच्या गटातला पसारा प्लासिबोपेक्षा मोठा दिसायला हवा. दोन्हीकडे तेवढाच असेल, तर 'मला लागू पडत नाही' म्हणणाऱ्यांत बरेचसे नुसत्या चढ-उताराचे बळी असतात. प्लासिबो गटातही काहींचं काहीच वाढत नाही, पण ते डब्याला दोष देत नाहीत.

ऐरोली_एक्सप्रेस
मग स्वतःवरच करून बघावं ना. दोन महिने घे, दोन महिने सोड, बेंच मोज.

सुलभा नौपाडा
क्रिएटिनला ते नीट जमत नाही. बंद केल्यावर स्नायू पूर्वपदावर यायला महिना आणि त्याहूनही जास्त लागतो, आणि दरम्यान कमावलेली ताकद परत जात नाही. दुसऱ्या दोन महिन्यांत तुम्ही वेगळेच माणूस असता. शिवाय कमाल वजन एका दिवशी ६० आणि दुसऱ्या दिवशी ६२.५ हे झोपेवरही होतं. साडेचार किलोचा फरक त्यातून वेचणं कठीण.

तिरकस
म्हणजे घेणार की नाही, कासारवडवलीकर?

कासारवडवलीकर
घेतोय बहुतेक, रोज ३ ग्रॅम. आधी क्रिएटिनिन करून ठेवतो, म्हणजे काकांसारखा गोंधळ नको. ताई, एकच राहिलं. लान्हर्सच्या त्याच पेपरात बेंच प्रेसला ०.२६५ आणि चेस्ट प्रेसला ०.६७७ आहे. छाती तीच, ढकलणं तेच. तुमची एसईवाली भानगड इथे आहे का?

सुलभा नौपाडा
तसा आरोप तक्ते न उघडता करता येणार नाही. आधी मर्यादा बघा. बेंचची ०.१३२ ते ०.३९८, चेस्ट प्रेसची ०.१४९ ते १.२०६. दुसरी इतकी रुंद आहे की पहिली जवळजवळ अख्खी तिच्या पोटात मावते, म्हणजे दोन्हींचं खरं उत्तर एकच असू शकतं. पण कुठली तरी एखाद-दुसरी चाचणी तो आकडा वर ओढतेय का, हे बघण्यासारखं आहे. चेस्ट प्रेसचे मूळ पेपर मिळाले तर अधिक-उणेचे तक्ते इथे चिकटवा. भागाकार करून एसडी ताडून बघू.

लोखंड्या
मी शोधतो. दोन तर फुकट उघडतायत. तक्त्याखाली बारीक अक्षरात 'एसईएम' लिहिलंय एकात. ताई, हे तेच का?